अनुभव धागा : थंडीत न लागलेले दही

फोंडेकर
परवा रात्री फोंड्यात चांगलाच गारवा होता आणि सकाळी झाकण काढून पाहिले, तर विरजलेले दूध तसेच पातळ होते. तेव्हा आजीची आठवण झाली, कारण डिसेंबर लागला की ती विरजणाचे भांडे गोणपाटात गुंडाळून चुलीच्या वैलाजवळ ठेवत असे आणि आम्ही तिला हसत असू. काल मुद्दाम अर्धा लिटर दूध उकळून कोमट केले, दोन सारख्या भांड्यांत ओतले, प्रत्येकात अर्धा चमचा दही ढवळले, आणि रात्री दहाला एक भांडे ओट्यावर, तर दुसरे बंद ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा लावून ठेवले. सकाळी सहाला ओव्हनमधले भांडे तिरके केले, तेव्हा दही कडेपासून एकसंध सुटले. ओट्यावरचे मात्र दुपारी एकला कसेबसे धरले. आपापले अनुभव लिहावेत.

वास्कोचा बाप्पा
यात नवल काय, दूध उष्णतेनेच घट्ट होते. मी तर वाफाळत्या दुधातच विरजण घालून वर टॉवेल गुंडाळतो. चारातून एकदा फसते, पण तो दोष दूधवाल्याचा, कारण तो पाणी घालतो.

निवृत्त दूधतपासनीस
बाप्पा, उष्णतेनेच दही लागत असते, तर गॅसवर उकळणारे दूध पातेल्यातच लागले असते. दही लावतात ते विरजणातले जिवाणू. ते दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत दुधात सुटे तरंगतात. आम्ल वाढते तसा हा भार मावळतो, आणि ताज्या दुधाचा सुमारे ६.७ असलेला पीएच ४.६ च्या आसपास उतरेपर्यंत कण एकमेकांना चिकटून त्यांची जाळी होते व पाणी तिच्यात अडकून राहते. ऊब या कामाचा फक्त वेग ठरवते. आपल्या दह्यातले उष्णताप्रिय जिवाणू ४० ते ४५ अंशांना झपाट्याने वाढतात. फोंडेकरांच्या ओट्यावर दूध तासा-दोन तासांत निवले आणि ते सुस्तावले, मेले मात्र नाहीत, म्हणून तर दुपारी लागले. तुमच्या वाफाळत्या दुधात मात्र विरजणातले बरेचसे मरतात, तेव्हा दूधवाल्याला दोष देण्याआधी बोट बुडवून पाहा : दहा आकडे मोजेपर्यंत चटका न बसता बोट ठेवता आले पाहिजे.

वास्कोचा बाप्पा
बोट बुडवून पाहीन, पण पाणी तो घालतोच.

म्हापशाची सून
आमच्याकडे तक्रार उलटी आहे. एप्रिलमध्ये सकाळी विरजले की दुपारच्या जेवणापर्यंत घट्ट होते आणि संध्याकाळी ते इतके आंबट होते, की सासूबाई त्याची थेट कढी करायला सांगतात. विरजण कमी घालून पाहिले, तरी फारसा फरक पडला नाही.

निवृत्त दूधतपासनीस
वहिनी, दही लागले म्हणून जिवाणू थांबत नाहीत, ते आम्ल करतच राहतात. विरजण कमी केल्याने सुरुवात थोडी लांबते, एवढेच. भांडे हलवल्यावर दही थरथरते पण फुटत नाही, अशा वेळी लगेच फ्रीजमध्ये ठेवा. गारव्याने ते मरत नाहीत, फक्त त्यांचे काम फार मंदावते, म्हणून तेच दही पुढच्या विरजणाला चालते.

डिचोलीची वर्षा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सोलकढी उरली, म्हणून नारळाच्या ताज्या रसात दही घालून रात्रभर उबेत ठेवले, तर सकाळी वर साय आणि खाली आंबूस पाणी झाले. ऊब कमी पडली का?

निवृत्त दूधतपासनीस
ऊब पुरेशी होती, म्हणूनच पाणी आंबले. पण नारळाच्या रसात केसीन नसते, त्यामुळे दुधासारखी जाळी बनत नाही.

कुंभारजुव्याचा मास्तर
थंडीत उशिरा लागलेल्या माझ्या दह्याला हटकून तार येते. चमचा उचलला की लाळेसारखा दोरा लोंबतो. ऊब दिली की तार जाते, असा माझा अनुभव आहे.

निवृत्त दूधतपासनीस
मास्तर, काही जिवाणू चिकट साखरेची लांब साखळी बनवतात, आणि थोड्या गारव्यात वाढणाऱ्यांपैकी काहींना ही खोड असते, त्यामुळे तुमचे म्हणणे पटते. विरजण दुसऱ्या घरून आणून पाहा.

म्हापशाची सून
पण मास्तर, आमच्या जाऊबाईंच्या दह्याला ऐन मे महिन्यातही तार येते आणि विरजण दोघींचे एकच आहे. तेव्हा हे सगळे गारव्यावर ढकलता येणार नाही.

फोंडेकर
आज रात्री ओव्हनऐवजी भांडे तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतो आहे. झाकण सहाच्या आधी उघडणार नाही, असे घरात बजावून ठेवले आहे.