एसीचा महिन्याचा खर्च: लेबलवरून हिशेब

«दीड टनाचा, १५०० वॅटचा फाइव्ह स्टार एसी रोज ८ तास लावला तर ३६० युनिट होतात का?»

नाही, इतके होत नाहीत. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर कमी वॅटवर चालतो. स्टारने गुणू-भागूही नका, लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा घ्या. तो १६०० तासांचा असतो. समजा ८०० आहे, म्हणजे तासाला अर्धा युनिट. महिन्याचे २४० तास, म्हणून १२० युनिट.

दर मात्र बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा धरा, कारण एसीचे युनिट तिथेच वाढतात. तो ५ रुपये असेल तर ६०० रुपये.

आपल्या गोव्यात मे महिन्यात दमट हवेतलं पाणी काढण्यातही वीज जाते, तेव्हा आकडा वाढेल. एका रात्रीचं मीटर रीडिंग घेऊन ताडून बघा.