गच्चीवर एकट्याचा माल: नोटीस द्यावी का, आणि दिली तर कशी?

तिसरा मजला, टिळकवाडी
आमच्या सोळा फ्लॅटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी निम्मी गच्ची दुकानाच्या मालाने भरलीय. रंगाचे डबे, प्लायवूड, लोखंडी रॅक. पावसाळा सुरू झाल्यापासून जिन्याच्या दाराला कुलूपही त्यांचंच. कमिटी नोटीस काढायची म्हणतेय, निम्मे लोक 'शेजारी आहेत, कशाला' म्हणतात. द्यावी का? आणि लिहायचं काय?

शहापूरची काकू
कशाला ओ नोटीस? सांडगे-पापडाचे दोन महिने आणि कोजागरी सोडली तर गच्चीवर जातंय कोण? दुकान लहान, माल मोठा, बिचाऱ्याने ठेवला असेल. त्यांच्या घरच्या बाईंशी दोन शब्द बोला, चावीची एक कॉपी मागून घ्या, झालं. एकदा कागद हातात पडला की माणूस जिन्यात भेटल्यावर नमस्कारसुद्धा करत नाही. आमच्या वाड्यात असं एक भांडण झालं, पुढच्या पिढीनेही चालू ठेवलंय.

छताखाली राहणारा
काकू, गच्चीवर कोण जातं हे पावसाला विचारा. आमच्याकडे प्लायवूडचे ताव असेच भिंतीला टेकवून ठेवले होते. जुलैत त्यातला एक सरकून पाणी जायच्या भोकावर आडवा पडला. तीन-चार बोटं पाणी साचून राहिलं आणि दोन दिवसांत माझ्या बेडरूमच्या छताला बशीएवढा पिवळा डाग उमटला, मग पोपडे. वरचे म्हणाले, वॉटरप्रूफिंग जुनं आहे. असेल जुनं, पण ताव उचलल्यावर डाग वाढायचा थांबला, त्याचं काय? कुलूप असल्यामुळे भोक साफ करायलाही माणूस वर जाऊ शकला नव्हता. पाण्याच्या टाक्या वर, सोलरची पाइप वर, लिफ्टची खोली वर, आणि चावी एकाच्या खिशात! नोटीस द्याच.

कोल्हापूरहून आलेला
यात चर्चा कसली? सोसायटीच्या आदर्श उपविधीत स्पष्ट आहे: सामाईक जागा अडवली तर मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम दरमहा वसूल करायची. माझ्या मेहुण्याच्या सोसायटीने तसंच केलं, पुढच्याच महिन्यात गच्ची रिकामी. नोटिशीत पहिली ओळ तीच टाका.

जुना सेक्रेटरी
मेहुण्यांकडे झालं ते बरोबरच, पण ते महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी. चंदगडची हद्द ओलांडून इकडे कर्नाटकात आलात की ते लागू नाहीत. आपल्याकडे बहुतेक इमारती कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७२ खाली असतात, नाहीतर सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेली संघटना असते. तुमच्या स्वतःच्या उपविधीत दंड लिहिला नसेल आणि तुम्ही पाचपट मागितलात, तर वाद गच्चीवरून दंडावर घसरतो. समोरचा वकील त्या एका ओळीवरच तासभर बोलेल. माल तिथेच राहील.

म्हणून आधी तुमच्याकडे कागद कोणता आहे ते बघा. इमारत १९७२च्या कायद्याखाली आणल्याचं डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवलं असेल तर सब-रजिस्ट्रार कचेरीतून त्याची सर्टिफाइड कॉपी काढा. १९७२च्या कायद्यात सामाईक भागांच्या व्याख्येतच छत आहे. प्रत्येक मालकाने सामाईक भाग ज्या कामासाठी आहे त्यासाठी वापरावा, पण दुसऱ्याच्या हक्काला अडथळा आणू नये, असंही त्यात म्हटलंय. इमारत अलीकडची, रेरा नोंदणीची असेल तर २०१६च्या त्या कायद्याच्या यादीतही टेरेस सामाईक आहे. एवढा आधार पुरे, पाचपटीची गरज नाही.

दुसरं म्हणजे त्या सभासदांचं सेल डीड. 'बिल्डरने गच्ची मला दिलीय' हे उत्तर येणारच, तेव्हा नोटिशीआधीच त्यांच्याकडून ते कलम मागून वाचा.

दुकानदार, पण तुमचा तो नव्हे
दुसरी बाजूही कोणीतरी मांडा की. मी मेंटेनन्स वेळेवर भरतो, गच्चीत माझाही हिस्सा आहे. चौथ्या मजल्यावर सगळ्यात जास्त ऊन आणि गळती आम्हीच सोसतो. माझे डबे सात-आठ वर्षं वर आहेत, आजवर कोणी ब्र काढला नाही. आता नवीन कमिटी आली म्हणून मी अतिक्रमणवाला? आणि प्रत्येक मजल्यावर बुटांचे स्टँड, तुळशीच्या कुंड्या, जिन्याखाली तीन सायकली, त्या कोणाच्या खाजगी जागेत आहेत? नोटीस द्यायची तर सोळा छापा.

जुना सेक्रेटरी
हिस्सा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण तो सगळ्यांचा मिळून, न वाटलेला. 'माझा सोळावा भाग मी या कोपऱ्यात मोजून घेतला' असं त्यात होत नाही. आठ वर्षं ठेवल्यानेही हक्क होत नाही, कारण सहमालकाचा नुसता वापर म्हणजे इतरांना बाहेर काढणं नव्हे. गंमत अशी की कुलूप लावलं की मात्र ते इतरांना बाहेर ठेवणंच झालं. म्हणून मला डब्यांपेक्षा कुलूप जास्त गंभीर वाटतं, आणि कमिटीने त्यावर गप्प बसू नये. उशीर झाला की कोर्टात तातडीचा मनाई हुकूम मागताना पहिला प्रश्न हाच येतो: इतके दिवस काय करत होता?

सायकलींचा मुद्दा मात्र खरा आहे. एकालाच धरलं की सूड वाटतो.

खानापूरचा
आमचं पण असंच आहे. वडिलांचं दोन मजली घर, वर मोठा भाऊ, खाली मी. गच्चीवर त्याने जळण आणि जुनी कौलं रचलीत. मी पण अशी नोटीस देऊ का? कमिटी वगैरे काही नाही आमच्यात.

जुना सेक्रेटरी
तुमचं प्रकरण वेगळं आहे ओ. तिथे ना संघटना, ना उपविधी. तो वारसांमधल्या वाटणीचा विषय. वाटणीपत्र असेल तर त्यात गच्चीचं काय लिहिलंय ते आधी बघा. इथला मसुदा उचलून भावाला देऊ नका.

तिसरा मजला, टिळकवाडी
सेल डीड मिळालं. इंग्रजीत लिहिलंय की फ्लॅटसोबत 'लगतच्या टेरेसचा, २१० चौरस फूट, एकट्याने वापरण्याचा हक्क'. ते म्हणतात हीच ती गच्ची. मग आमचं सगळं फुकट गेलं की काय?

जुना सेक्रेटरी
घाई करू नका. मागे शेड्यूलमध्ये चतुःसीमा असतील, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा काढा. चौथा मजला खालच्यापेक्षा आत घेतलेला असेल तर त्यांच्या हॉलला लागून एक उघडी जागा राहते, तिलाही टेरेस म्हणतात. लगतची म्हणजे त्याच पातळीवरची, दार उघडलं की पाय पडेल ती. इमारतीचं छत जिना चढून गेल्यावर येतं, ते कोणाच्या लगत कसं? त्यांच्या हॉलबाहेर तेवढी जागा आहे का, टेप लावून बघा.

तिसरा मजला, टिळकवाडी
आहे! हॉलच्या बाहेर, कुंड्या ठेवलेली. मोजली तर जवळपास तेवढीच भरली. नकाशातही तिथेच टेरेस लिहिलंय, आणि सगळ्यात वरच्या भागावर 'कॉमन टेरेस'.

जुना सेक्रेटरी
मग नोटिशीतच लिहा की तुमच्या लगतच्या टेरेसवर आमचा काही दावा नाही. त्यांचा मुख्य मुद्दा तिथेच संपतो, आणि माणसाला मागे सरकायला जागाही मिळते.

मसुदा साधारण असा:

"आपल्या इमारतीच्या सामाईक गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत सोबतच्या यादीतील सामान आपण ठेवलेले आहे व दाराला आपले कुलूप आहे, असे अमुक तारखेच्या पाहणीत आढळले. फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या फ्लॅटलगतच्या टेरेसबद्दल संघटनेची काही तक्रार नाही. सामाईक गच्ची पूर्वीप्रमाणे सर्वांना वापरता यावी म्हणून कुलूप तीन दिवसांत काढावे व सामान पंधरा दिवसांत हलवावे. आपले म्हणणे असल्यास त्याच मुदतीत लेखी कळवावे. समितीपुढे बोलण्याची संधी दिली जाईल. मुदतीत काही न झाल्यास संघटनेला कायदेशीर उपाय करावा लागेल."

बस, एवढंच. उपविधीत वेगळी मुदत असेल तर ती घाला. चोर, दादागिरी, बेकायदेशीर धंदा असले शब्द नकोत. पाहणी करताना त्यांना बोलवा, दोन सभासदांच्या सह्या घ्या, आणि समितीचा ठराव आधी करा. सेक्रेटरीने आपल्या मनाने काढलेली नोटीस लंगडी पडते. एक प्रत हातात देऊन दुसरीवर सही घ्या. नाकारली तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. आणि जी भाषा ते घरी वाचतात तीत द्या, बरोबर कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, म्हणजे पुढे कचेरीत उपयोगी पडते.

कोल्हापूरहून आलेला
आणि पंधरा दिवसांनी तसंच राहिलं तर? पाणी तोडा एक दिवस, लगेच खाली येतंय सामान.

छताखाली राहणारा
किंवा कुलूप फोडून सगळं पार्किंगमध्ये.

जुना सेक्रेटरी
दोन्ही करू नका. पाणी तोडलंत की तक्रारदार तेच होतात. सामान तुम्ही उचललंत आणि एक डबा कमी भरला, तर पोलिसांत त्यांची तक्रार आणि तुमची सही. रस्ता दिवाणी कोर्टाचा. संघटनेच्या वतीने समिती, किंवा प्रसंगी त्रास होणारा एखादा मालकसुद्धा मनाई हुकूम मागू शकतो, अशी तरतूद १९७२च्या कायद्यातच आहे. त्याला वेळ लागतो, हे मात्र कबूल. फक्त थिनर किंवा तसलं पेटणारं काही वर असेल तर ते पंधरा दिवसांच्या मुदतीत घालू नका, लगेच हलवायला वेगळं लिहा.

दुकानदार, पण तुमचा तो नव्हे
हा मसुदा मला आला असता तर मी चिडलो असतो, पण सामान हलवलं असतं. तरी माझं म्हणणं तेच. सगळ्यांनी मिळून ठराव करून टाकीमागचा एक कोपरा भाड्याने का देऊ नये? पैसे सिंकिंग फंडात जातील.

जुना सेक्रेटरी
त्याला नुसतं बहुमत पुरतं की सगळ्यांची संमती लागते, हे तुमच्या डिक्लरेशनवर आहे. माझ्या मते सोळाच्या सोळा सह्या घ्याव्यात. वकील मित्राचं मत वेगळं आहे.

शहापूरची काकू
लिहा बाई काय लिहायचं ते. पण नोटीस पोस्टात टाकायच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन सांगा की उद्या असा कागद येणार आहे. आणि त्या जिन्याखालच्या तीन सायकली?

तिसरा मजला, टिळकवाडी
काकू, त्यातली एक सेक्रेटरीच्या मुलाची आहे. रविवारी मीटिंग आहे, बघू कोण काढतंय विषय.