मदत हवी आहे : एकाच काउंटरने बहुमताचा घटक शोधताना आधीची मोजणी टाकून दिली तरी उत्तर बरोबर कसं येतं?

कोरीपाटी

n घटकांच्या ॲरेत एखादा घटक निम्म्याहून जास्त वेळा आला असेल तर तो शोधायचा आहे. डिक्शनरीत मोजून सहज होतं, पण जास्तीची मेमरी वापरायची नाही अशी अट आहे. त्यासाठी सगळीकडे दाखवतात तो कोड असा:

```python
def umedvar(a):
    cand, c = None, 0
    for x in a:
        if c == 0:
            cand, c = x, 1
        elif x == cand:
            c += 1
        else:
            c -= 1
    return cand, c
```

कोड चालतो. अडचण `c == 0` या ओळीची आहे. समजा खरा बहुमतवाला घटक सुरुवातीला उमेदवार होता आणि काउंटर शून्यावर आला. आता त्याचं नाव पुसलं जातं आणि तो आधी किती वेळा आला होता याची नोंद कुठेच उरत नाही. तरी शेवटी तोच परत उमेदवार होणार, ही खात्री कुठून येते? "परस्परांना खोडतात" एवढंच सगळे लिहितात. खोडतात म्हणजे नेमकं कोण कोणाला?

सह्यवारा

काउंटर म्हणजे उमेदवाराची आघाडी, असं धरा. उमेदवार दिसला की आघाडी एकने वाढते, दुसरं कोणी दिसलं की एकने घटते. बहुमतवाल्याची आघाडी बाकी सगळे मिळूनही संपवू शकत नाहीत, म्हणून तो शेवटी उरतो. शेवटी काउंटर शून्याहून मोठा असेल तर बहुमत आहे असं समजायचं.

भागाकार

सह्यवारा, दिशा बरोबर आहे, पण काउंटर म्हणजे आघाडी नव्हे, आणि शेवटचं वाक्य तर धोक्याचं आहे. आधी मूळ प्रश्न घेतो.

कोरीपाटी, काउंटरकडे बघू नका, जोड्यांकडे बघा. कोड जेव्हा `c -= 1` करतो, तेव्हा नुकताच आलेला घटक आणि उमेदवाराची आतापर्यंत एकटी राहिलेली एक प्रत, अशी जोडी जमते आणि ती बाजूला जाते. ही जोडी नेहमी दोन वेगळ्या घटकांची असते, कारण सारखे असते तर काउंटर वाढला असता. त्यामुळे लूपच्या कोणत्याही टप्प्यावर हे विधान खरं असतं: आतापर्यंत वाचलेले सगळे घटक म्हणजे काही भिन्न-घटकी जोड्या, आणि उरलेल्या c प्रती, ज्या सगळ्या उमेदवाराच्याच आहेत. तिन्ही फांद्या एकेक करून तपासा. c शून्य असेल तर नवा घटक एकटा उरतो. उमेदवारासारखाच असेल तर उरलेल्यांत एक वाढतो. वेगळा असेल तर उरलेल्यांतला एक घेऊन जोडी करतो. विधान कुठेही मोडत नाही.

आता शेवटाला या. समजा क हा बहुमतवाला आहे, पण शेवटचा उमेदवार क नाही. मग उरलेल्या प्रतींत क एकही नाही, म्हणजे सगळे क जोड्यांत आहेत. एका जोडीत क जास्तीत जास्त एकदा असू शकतो, आणि जोड्या n/2 पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. म्हणजे क जास्तीत जास्त n/2 वेळा आला. पण तो निम्म्याहून जास्त वेळा आलाय असं आपण धरलं होतं. विसंगती आली, विषय संपला.

तुमच्या "पुसलं जातं"चं उत्तर यातच आहे. c शून्य होतो तेव्हा तोवरचे सगळे घटक जोड्यांत संपलेले असतात. त्या तुकड्यात क जास्तीत जास्त निम्मे. मग उरलेल्या ॲरेत क निम्म्याहून जास्त असलेच पाहिजेत. आधीची मोजणी टाकून दिली तरी बहुमत पुढच्या भागात शाबूत राहतं, म्हणून ती ठेवण्याची गरजच नाही.

नऊ घटक, त्यांत पाच क, असं एक उदाहरण घ्या:

```
घटक      क  क  ख  ग  च  ट  क  क  क
उमेदवार  क  क  क  क  च  च  क  क  क
c        १  २  १  ०  १  ०  १  २  ३
```

जोड्या झाल्या क-ख, क-ग आणि च-ट. तिसऱ्या जोडीत क नाहीच, दोन परके आपसात खोडले गेले. यात क चा फायदाच झाला. म्हणूनच सह्यवारा यांचं "आघाडी" इथे बसत नाही. पाच क आणि चार इतर, आघाडी १, पण काउंटर ३ आला. हेच नऊ घटक क ख क ग क च क ट क असे लावले तर काउंटर १ येतो. काउंटरचा शेवटचा आकडा क्रमावर अवलंबून असतो.

सह्यवारा

आकडा क्रमावर अवलंबून असतो हे पटलं. पण शून्याहून मोठा आहे म्हणजे बहुमत आहे, एवढं तरी खरं ना? नाहीतर शेवटचा उमेदवार उरला कसा?

भागाकार

नाही. क ख ग चालवून बघा. क आणि ख खोडले जातात, ग उरतो, c = १. तीनांत ग एकदाच आहे. क क ख ख ग ग ग घेतलं तर ग हा c = ३ घेऊन उरतो, आणि सातांत तो तीनदाच आहे. सिद्धता एवढंच सांगते की बहुमत *असेल तर* ते याच उमेदवाराचं. असेलच असं ती म्हणत नाही. म्हणून दुसरी फेरी मारून उमेदवार प्रत्यक्ष मोजावा लागतो.

मात्र काउंटर अगदीच निरुपयोगी नाही. c शून्य आला तर बहुमत नाही हे पक्कं, दुसरी फेरी वाचते. c स्वतःच n/2 पेक्षा मोठा असेल तर बहुमत आहे हेही पक्कं, कारण तेवढ्या प्रती तर उरलेल्याच आहेत. मधल्या सगळ्या आकड्यांना मोजणी हवीच.

जाता जाता: ही युक्ती रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांची, १९८० च्या सुमाराची. शोधताना त्यांचाच शब्दशोधाचा अल्गोरिदम आधी समोर येतो, तो वेगळा.

अनामिका_नाशिक

आमच्या सोसायटीच्या मतदानाची छोटी शीट केलीय. पाच उमेदवार, सगळ्यात जास्त मतं मिळालेल्याला ३८ टक्के आहेत. वरचा कोड लावला तर भलतंच नाव येतंय. कोडमध्ये काही बदल करावा लागेल का?

भागाकार

ताई, कोड बरोबर आहे, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला सर्वाधिक मतांचा उमेदवार हवाय, इथे निम्म्याहून जास्त मतांचा शोधतात. ३८ टक्क्यांवाल्याचे सगळे मतदार इतरांशी जोडी होऊन संपू शकतात आणि शेवटी शेवटच्या ओळीतलं कोणीही उरू शकतं. पाचच नावं आहेत, पाच काउंटर ठेवा, नाहीतर शीटमध्ये `COUNTIF` वापरा. मेमरीची काटकसर इथे कशाला?

तांबडफुटी

माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. लॉगमधून ओळी जनरेटरने येतात. उमेदवार मिळतो, पण पुढचं `sum(x == cand for x in rows)` कायम शून्य देतं, म्हणजे बहुमत कधीच नाही असं दिसतं. दुसरं, लॉग अनेक मशीनवर आहेत. प्रत्येकीचा उमेदवार मागवून त्यांच्यात पुन्हा हाच कोड चालवला तर?

भागाकार

पहिलं: जनरेटर एकदा वाचला की रिकामा होतो. तुमची दुसरी फेरी शून्य ओळींवर चालते आणि एररही येत नाही, म्हणून लक्षात येत नाही. फाईल असेल तर `f.seek(0)` करून जनरेटर नव्याने बनवा. ओळी थेट नेटवर्कवरून येत असतील आणि कुठे साठवलेल्या नसतील, तर बहुमत आहे की नाही हे एका फेरीत स्थिर मेमरीत खात्रीने सांगता येत नाही. बहुमत आहेच अशी हमी बाहेरून असेल तरच पहिली फेरी पुरेशी.

दुसरं: नुसता उमेदवार मागवू नका, c सुद्धा मागवा. तीन मशीन घ्या:

```
१:  क क क क क  →  (क, ५)
२:  ख ख क      →  (ख, १)
३:  ख क ख      →  (ख, १)
```

अकरांत सात क आहेत. फक्त नावं मोजली तर ख दोन विरुद्ध एक असा जिंकतो, जे चूक आहे. जोडताना नावं सारखी असतील तर c ची बेरीज करा. वेगळी असतील तर मोठ्यातून लहान वजा करा आणि मोठ्याचं नाव ठेवा. इथे ५ − १ − १ = ३, क उरतो. हे चालतं, कारण उरलेल्या क आणि ख प्रतींच्या पुन्हा भिन्न-घटकी जोड्याच होतात. शेवटी प्रत्येक मशीनवर क मोजून बेरीज घ्या.

सह्यवारा

मी कोड थोडा वेगळा पाहिलाय. त्यात काउंटर शून्य झाला की *त्याच* घटकाला लगेच उमेदवार करतात:

```python
cand, c = a[0], 1
for x in a[1:]:
    c += 1 if x == cand else -1
    if c == 0:
        cand, c = x, 1
```

इथे x खोडलाही जातो आणि उमेदवारही होतो. मग जोड्यांची सिद्धता मोडली ना? तरी उत्तरं बरोबर येतात.

भागाकार

सिद्धता मोडते, उत्तर मोडत नाही. एका ॲरेपुरता हा कोड बरोबर आहे, हिशेब फक्त वेगळा धरावा लागतो. क उमेदवार असताना c − १ आणि दुसरा कोणी असताना −c, असा एक आकडा मनात ठेवा. क आला की तो नेमका एकने वाढतो, दुसरा आला की जास्तीत जास्त एकने घटतो. सुरुवात ० किंवा −१ ने होते. क निम्म्याहून जास्त असेल तर शेवटी हा आकडा ऋण राहत नाही, म्हणजे उमेदवार क असतो.

पण तांबडफुटी, तुमच्या कामाला हा कोड अजिबात घेऊ नका. तीन मशीनवर प्रत्येकी "क ख" आणि चौथीवर "क क" असेल तर हा कोड तीनदा (ख, १) आणि एकदा (क, २) देतो. जोडल्यावर ख उरतो, आणि आठांत पाच क आहेत! मूळ कोड पहिल्या तिघींवर c = ० देतो आणि क सुखरूप राहतो. शिवाय या कोडमध्ये c कधीच शून्यावर संपत नाही, म्हणजे "शून्य आला तर बहुमत नाही" ही सोयही जाते.

कोरीपाटी

जोड्यांचं विधान वहीत तिन्ही फांद्यांसह लिहून काढलं, आता पक्कं बसलं. एक राहिलं. माझ्या पुढच्या प्रश्नात "निम्मे *किंवा* जास्त" असं आहे. क ख क ग मध्ये क बरोबर निम्मे आहेत आणि शेवटी c शून्य येतो. ख ग क क असं लावलं तर क सापडतो.

भागाकार

बरोबर निम्मे असतील तर सगळे क जोड्यांत संपू शकतात, सिद्धतेतली कडक असमानता तिथेच लागते. दोन नावं आणि दोन काउंटर ठेवा. येणारा घटक दोघांपैकी एकाशी जुळला तर त्याचा काउंटर वाढवा. जुळत नसेल आणि एखादा काउंटर शून्य असेल तर ती जागा नव्याला द्या. दोन्ही भरलेले असतील तर दोन्ही एकने घटवा आणि नवा घटक सोडून द्या. आता तीन भिन्न घटकांचे त्रिकूट खोडले जाते, म्हणून n/3 पेक्षा जास्त वेळा आलेला कोणीही हरवत नाही. मिश्रा आणि ग्रीस यांनी १९८२ मध्ये हे मांडलं. दुसऱ्या फेरीत दोन्ही नावं मोजा, कारण निम्मे-निम्मे असे दोन घटकही असू शकतात.

तांबडफुटी

आणि असे दोन-दोन काउंटर वेगवेगळ्या मशीनवरून आले तर जोडायचे कसे? चार नावांतून दोन ठेवताना किती वजा करायचं?