होम लोनवर टॉपअप घेऊ की पर्सनल लोन? मदत हवी आहे

सिडकोवाला
नमस्कार मंडळी. नाशिकला फ्लॅट आहे, होम लोनचे २१ लाख बाकी आणि अजून १४ वर्षं हप्ते आहेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय, मेडिक्लेम धरून वर ४ लाख कमी पडतायत. बँकेने टॉपअप सांगितलं ९.२५ टक्क्याने, हप्ता ४,२५० च्या आसपास. दुसरीकडे पर्सनल लोन १३ टक्के, ४ वर्षं, हप्ता १०,७३०. महिन्याला साडेसहा हजार वाचतायत म्हणजे टॉपअपच स्वस्त ना, की मी कुठेतरी चुकतोय? बायको म्हणते एवढा फरक कसा काय, नीट विचारा आधी.

भटक्या_७७
यात विचार काय करायचा, व्याज कमी ते स्वस्त. डोळे झाकून टॉपअप घ्या.

मंजूषा_क
डोळे उघडेच ठेवा दादा. मी पतसंस्थेत कर्ज विभागात अठरा वर्षं होते, हा घोटाळा रोज बघायचे. वहिनींना बरोबर शंका आलीय. ४,२५० चा हप्ता व्याज कमी म्हणून नाहीये, टॉपअपची मुदत तुमच्या होम लोनएवढी १४ वर्षं धरलीय म्हणून आहे. १६८ हप्ते भरले की व्याजच सव्वातीन लाखाच्या जवळ जातं. पर्सनल लोनचं ४ वर्षांचं व्याज साधारण १ लाख १५ हजार. म्हणजे दर कमी असूनही खिशातून दोन लाख जास्त गेले.

आता हेच टॉपअप ४ वर्षांत फेडलंत तर हप्ता १०,००० होतो आणि व्याज ८० हजार. इथे खरे ३५ हजार वाचतात. तुमच्या आकड्यांवर सांगायचं तर टॉपअप साडेपाच वर्षांच्या आत संपवलं तरच एकूण व्याज पर्सनल लोनपेक्षा कमी राहतं, त्यापुढे नाही.

सिडकोवाला
ताई हे कोणीच सांगितलं नव्हतं!! पण मुदत कमी मागितली तर शाखेतले म्हणाले सिस्टिममध्ये होम लोनचीच मुदत येते.

मंजूषा_क
काही ठिकाणी तसं असतं, पण लेखी अर्जात ४ किंवा ५ वर्षं लिहून द्या, बऱ्याचदा होतं. नाहीच झालं तर १४ वर्षांचं घ्या आणि दर महिन्याला वरचे पावणेसहा हजार स्वतः भरा. फ्लोटिंग रेट असेल तर वैयक्तिक कर्जदाराला प्रीपेमेंट चार्ज लागत नाही. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड असतं, तिथे मुदतीआधी बंद करायला पैसे मागू शकतात, करारात बघा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. टॉपअपचा अकाउंट नंबर बहुतेक वेगळा असतो. जास्तीचे पैसे मेन होम लोनच्या खात्यात गेले तर टॉपअप तसंच चालू राहतं. पैसे भरल्यावर त्याच नंबरचं स्टेटमेंट काढून मुद्दल कमी झाली का ते बघा.

पूनम_सांगली
माझा पण असाच प्रश्न, मला फक्त १ लाख हवेत, वर्षभरात फेडेन, टॉपअप घेऊ का? आणि सोनं ठेवलं तर?

मंजूषा_क
पूनम, एक लाख एका वर्षासाठी असेल तर या दोन दरांत व्याजाचा फरक जेमतेम २,१०० रुपये पडतो. टॉपअपला स्टॅम्प, लीगल, व्हॅल्युएशन असा खर्च असतो त्यात तेवढे सहज जातात. सोन्याचं वेगळं विचार, इथे गुंता होईल.

अनिकेत_डोंबिवली
मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करून वर टॉपअप घेतलं, मेन लोनचा रेट पण कमी झाला. तुम्ही पण तेच करा. फक्त कागदपत्रं एका बँकेतून दुसरीकडे जायला मला दीड महिना लागला, रोज फोन करून जीव गेला.

मंजूषा_क
ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आत्ता ट्रान्सफरच्या नादी लागू नका. साधं टॉपअप असलं तरी कधीकधी पंधरा दिवस लागतात. आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर वहिनींची सही लागणारच, त्यांना आधीच सांगून ठेवा. हप्ते थकले तर घरावर येतं, पर्सनल लोनला घर तारण नसतं, हा फरक पण दोघांनी बसून बोला.

सिडकोवाला
आज जाऊन आलो. ५ वर्षांची मुदत द्यायला तयार झालेत, हप्ता ८,३५० आणि व्याज लाखाच्या आसपास. प्रोसेसिंग, स्टॅम्प सगळं धरून ८,४०० खर्च सांगितला, पर्सनल लोनला फक्त प्रोसेसिंगचेच जीएसटी धरून ९,४४० होत होते. म्हणजे १५ हजारच्या आसपास फायदा, फार नाही पण आहे. अडचण एवढीच की व्हॅल्युएशनवाला पुढच्या आठवड्यात येणार आणि हॉस्पिटलला अ‍ॅडव्हान्स त्याआधी भरायचाय. मामांकडून महिनाभरासाठी मागू की तेवढ्यापुरतं छोटं पर्सनल लोन, कोणी असं केलंय का?

भटक्या_७७
मामांनाच विचार भावा.