मदत हवी आहे: व्हीपीएन घ्यावा की लॉगिनच पक्के करावेत?

मंडळी, सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, ऑफिसात सात जण. मेल आणि फाइल्स गूगल वर्कस्पेसवर. गेल्या महिन्यात अकाउंट्सच्या ताईंनी बनावट पानावर पासवर्ड टाकला. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतोय, सगळ्यांना व्हीपीएन घ्या. मला ते पटत नाही. पासवर्ड चोरणारा थेट गूगलच्या पानावर येतो, आमच्या व्हीपीएनशी त्याची गाठच पडत नाही. तिथे पासवर्डऐवजी पासकी हवी, म्हणजे फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने होणारं लॉगिन. ओटीपीसुद्धा बनावट पानावर टाकून घेतात, पासकी मात्र खऱ्या साइटवरच चालते.

अडचण टॅलीची आहे. ते ऑफिसातल्या पीसीवर, आणि घरून रिमोट डेस्कटॉपने उघडावं म्हणून राउटरवर 3389 पोर्ट उघडा होता. काल इव्हेंट व्ह्यूअर पाहिला, तर रात्रभर 4625 च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी, `Administrator` नावाने. धस्सच झालं. पोर्ट लगेच बंद केला, ताई सध्या रोज ऑफिसला येतात.

आता टॅलीवाल्या दोघांपुरता राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन लावावा, की टॅलीच क्लाउडवर न्यावं? ज्यांनी यातलं केलंय त्यांनी सांगा, रोज सांभाळायला काय सोपं गेलं?