‘पेशीआवरण’ म्हणजे भित्तिका की पटल?

मृण्मयी: आठवीच्या मुलांसाठी मी एका नामनिर्देशित आकृतीतील इंग्रजी नावे मराठीत लिहीत आहे. कडेला जाड दुहेरी रेघ असून तिला आतून चिकटून एक बारीक रेघ आहे. माझ्या सहशिक्षकांनी दोन्हींना मिळून ‘पेशीआवरण’ असे लिहिले आणि हरितलवक दिसत नसल्यामुळे ही प्राणिपेशी ठरवली. ‘आवरण’ हा शब्द इथे चालेल का?

वसंतराव: पेशी म्हणजे स्नायू, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ‘मांसपेशी’ हा शब्द पाहा. तेव्हा प्राणिपेशी म्हणणे मला योग्यच वाटते.

सह्याद्रीकर: वसंतराव, प्रश्न तो नाही. मात्र सहशिक्षकांचे म्हणणे मला पटते. हरितलवक ही वनस्पतींची खूण आणि तंतुकणिका ही प्राण्यांची.

शुभदा: यातले अर्धेच बरोबर आहे. हरितलवक दिसले तर पेशी प्राण्याची नाही, हे खरे. पण ते दिसले नाही म्हणून ती प्राण्याची ठरत नाही, कारण मुळांच्या किंवा कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींमध्ये हरितलवके नसतातच. तंतुकणिका तर दोन्हींकडे असतात. मृण्मयीताई, आकृतीत केंद्रक कुठे आहे आणि मधली जागा कशाने व्यापली आहे?

मृण्मयी: केंद्रक एका कडेला सरकलेले आहे आणि मधोमध एकच मोठी रिक्तिका आहे. पेशी लांबट, चौकोनी आहे.

शुभदा: मग ही वनस्पतिपेशीच. मोठ्या रिक्तिकेमुळे पेशीद्रव्याचा पातळ थर तेवढा कडेला उरतो आणि केंद्रकही तिकडेच सरकते. बाहेरची जाड रेघ म्हणजे पेशीभित्तिका आणि आतली बारीक रेघ म्हणजे प्रद्रव्यपटल, म्हणून प्रत्येक निर्देशक रेषेचे टोक नेमके कोणत्या रेघेला टेकते, ते पाहूनच नाव लिहावे. खात्री करायची असेल तर कांद्याचा पापुद्रा मिठाच्या दाट द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: पाणी बाहेर गेल्याने पटल आक्रसून आत सरते आणि भित्तिका जागेवरच राहते. ‘आवरण’ म्हटले की हा फरकच पुसला जातो.

सह्याद्रीकर: तंतुकणिकांबद्दलचे म्हणणे मान्य आहे. पण ‘रिक्तिका’ हा शब्दच मला खटकतो. रिक्त म्हणजे रिकामे, आणि तिच्यात तर पेशीरस भरलेला असतो. हिंदीत ‘रसधानी’ म्हणतात, तो शब्द कितीतरी अर्थवाही आहे.

वसंतराव: हिंदीतून कशाला उचलायचा? आपली मुले रिक्तिका हाच शब्द शिकली आहेत. रूढ शब्द मोडून काय साधणार?

शुभदा: शिवाय अमीबाच्या अन्नरिक्तिकेत रस नसून गिळलेले अन्न असते, आणि संकोची रिक्तिका जास्तीचे पाणी बाहेर टाकते. तिथे ‘रसधानी’ कशी बसेल?

सह्याद्रीकर: तिथे वेगळा शब्द करावा. अमीबासाठी कांद्याने रिक्त का राहावे?

मृण्मयी: भित्तिका आणि पटल वेगवेगळे लिहिते. पण प्राणिपेशीच्या आकृतीत कडेला एकच रेघ आहे. तिथे तरी ‘पेशीआवरण’ ठेवू का?