करडा बॅकड्रॉप Color Range ने उडवताना पांढरा शर्टही जातोय, काय करू?

निळीशाई
एकाच बैठकीत काढलेले 30 फोटो आहेत. मागे साधा फिकट करडा कागद, पुढे पांढऱ्या शर्टातला माणूस, केस काळे. फोटोशॉपमध्ये Select > Color Range उघडून कागदावर क्लिक केलं आणि Delete दाबलं. Fuzziness 40 वर ठेवलं तर कागद जातो, पण शर्टाला भोकं पडतात. 15 वर आणलं तर कोपऱ्यातला जरा काळपट कागद राहतो आणि भोकं तरीही पडतातच. नेमका आकडा किती ठेवायचा?

सरळरेघ
Localized Color Clusters वर टिक करा आणि Range कमी करा. मग तुम्ही क्लिक केलेल्या जागेजवळचाच रंग धरला जातो आणि शर्ट सुटतो. माझं काम नेहमी एवढ्यात होतं.

तिरपाउजेड
सरळरेघ यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या टिकमुळे फक्त क्लिक केलेल्या बिंदूपासूनचं अंतर मोजलं जातं. मध्ये माणसाची कड आली हे त्याला कळत नाही. छातीवरची घडी कागदापासून लांब असते म्हणून ती वाचेल, पण बाहीवरची घडी कागदाला चिकटूनच असते, ती जाणार.

निळीशाई, आकडा शोधण्याआधी Info पॅनेल उघडा आणि माउस नुसता फिरवून वाचा. कागद मध्यावर किती, कोपऱ्यात किती, शर्ट उजेडात किती, घडीत किती?

निळीशाई
R, G, B हे तिन्ही आकडे जवळपास सारखेच येतात, म्हणून एकेकच देते. कागद मध्यावर 227, कोपऱ्यात 205. शर्ट उजेडात 240, घड्यांत 226 पासून 210 पर्यंत.

तिरपाउजेड
म्हणजे तुमच्या घड्या कागदाच्याच पट्ट्यात बसल्या आहेत. Color Range फक्त रंग बघतं. 226 ची घडी आणि 227 चा कागद त्याच्या लेखी एकच, त्यामुळे Fuzziness चा कुठलाच आकडा त्यांना वेगळं करणार नाही. केस काळे असल्याने तिथे मात्र ते सुरेख चालेल. तेव्हा त्याला केसांवर कामाला लावा आणि शर्टापासून दूर ठेवा.

मी असं करतो. लॅसोने माणसाच्या आतून, कडेपासून थोडं आत राहून, ढोबळ रेघ फिरवायची आणि Select > Inverse करायचं. आता Color Range उघडलं की ते या निवडीच्या आतच शोधतं, म्हणजे छातीवरच्या घड्या, दात, डोळ्यांतला पांढरा भाग यांना धक्का लागत नाही. Fuzziness 20 च्या आसपास ठेवा आणि शिफ्ट धरून कागदावर मध्यापासून कोपऱ्यापर्यंत पाच-सहा ठिकाणी क्लिक करा. उजेड उतरत गेलेला असतो, तो एका क्लिकमध्ये पकडायला गेलं की Fuzziness वाढवावं लागतं आणि तिथेच शर्ट हातचा जातो.

आणि Delete नको, खरंच. ऑल्ट धरून लेअर मास्कच्या चिन्हावर क्लिक करा, निवडलेला भाग लपेल. चुकलं तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं.

घडीभर
माझ्याकडे स्टीलचा जग आहे, बॅकड्रॉप पांढरा. जगाच्या पोटात पांढरं प्रतिबिंब पडलंय तेही निवडलं जातं. हीच युक्ती चालेल का?

तिरपाउजेड
पोटातलं प्रतिबिंब वाचेल. पण ते थेट कडेपर्यंत गेलं असेल तर तिथे कड दिसतच नसते. ती पेन टूलने काढावी लागेल.

सरळरेघ
मग सगळंच पेनने का काढू नये? 30 फोटो म्हणजे एका दिवसाचं काम.

तिरपाउजेड
जगासाठी मान्य. सुटे केस मात्र पेनने काढले की कात्रीने कापल्यासारखे दिसतात. Color Range कडेचे पिक्सेल अर्धवट निवडतं, म्हणून केस मऊ राहतात.

याच अर्धवट निवडीचा त्रासही होतो. शर्टाचा एखादा भाग पूर्ण न जाता 20-30 टक्के विरळ होतो आणि पांढऱ्यावर ते कळतच नाही. खाली गडद लाल लेअर ठेवून बघा, शर्ट गुलाबी दिसला की समजा. किंवा ऑल्ट धरून मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा. माणसाच्या आत करडे डाग दिसले तर पांढरा ब्रश फिरवा.

निळीशाई
केला एक फोटो. केस छान आले. लाल लेअर ठेवल्यावर कॉलर गुलाबी निघाली, ब्रशने भरली. उजव्या बाहीची कड पेनने काढली. डाव्या खांद्यावर मात्र कागद आणि शर्ट दोन्ही 228 आहेत, फोटो कितीही मोठा केला तरी रेघ दिसत नाही. पुढच्या फोटोत खांदा जरा वळलाय, तिथे ती दिसते. तीच इथे आणून बसवली तर?

तिरपाउजेड
आधी वर एक Curves लेअर टाकून 220 ते 235 एवढाच पट्टा ताणून बघा. कधी कधी एक-दोन आकड्यांचा फरक लपलेला असतो, तो वर येतो आणि पेनला वाट मिळते. तरीही काहीच दिसलं नाही तर अंदाजच करावा लागेल. वळलेल्या खांद्याची रेघ मी तरी वापरणार नाही, गळ्याजवळचा उतार बदलतो.

सरळरेघ
मी वापरली असती. एवढं कोण बघतंय?

निळीशाई
Curves ने खांद्याचा अर्धा भाग दिसला. उरलेल्या अर्ध्यावर अजून अडले आहे.